दर वाढला, हप्ता मात्र तोच: व्याजदराचा परिणाम वाटेत कुठे रेंगाळतो

पतधोरण समजावणाऱ्या सादरीकरणांत एक स्लाइड हमखास असते. चार चौकटी आणि मध्ये तीन बाण: मध्यवर्ती बँकेचा दर, मग कर्जं, मग खर्च, शेवटी किंमती. दर वाढला की कर्ज महागतं, कर्ज महागलं की लोक हात आखडता घेतात, मागणी मंदावली की महागाईचा वेग उतरतो. यात चूक काही नाही. पण स्लाइडवर तिन्ही बाण सारख्याच लांबीचे काढलेले असतात. प्रत्यक्षात साखळीचं पहिलं टोक एका दिवसात हलतं आणि शेवटचं हलायला वर्ष-दोन वर्षं जातात. शिवाय प्रत्येक टप्प्यावर थोडा जोर गळतो. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गळती कर्ज आणि खर्च या दोन चौकटींच्या मध्ये आहे. म्हणून या लेखात बाकीचे टप्पे जरा भराभर उरकून तिथे जास्त वेळ थांबणार आहे.

आधी मुळाशी जाऊ. मध्यवर्ती बँक तुमच्या-माझ्या कर्जाचा दर ठरवत नाही. ती ठरवते तो बँकांनी एका रात्रीपुरते घेतलेल्या-दिलेल्या पैशांचा दर. रोज संध्याकाळी हिशेब जुळवताना काही बँकांकडे पैसे जास्त असतात, काहींकडे कमी. त्या एकमेकींकडून एका रात्रीची उसनवारी करतात. मध्यवर्ती बँक दोन गोष्टी जाहीर करते: जास्तीचे पैसे माझ्याकडे ठेवाल तर मी इतकं व्याज देईन, आणि कमी पडले तर माझ्याकडून इतक्या व्याजाने मिळतील. समजा हे दर अनुक्रमे ५ आणि ६ टक्के आहेत. मध्यवर्ती बँक ५ टक्के देत असताना कुठलीही बँक दुसरीला साडेचार टक्क्यांनी उसने देणार नाही. आणि ६ टक्क्यांनी हमखास मिळत असताना कुणी साडेसहाने घेणारही नाही. त्यामुळे बाजारातला रात्रीचा दर या दोन कडांच्या मध्येच राहतो. कडा वर सरकवल्या की तोही वर सरकतो, बहुतेकदा त्याच दिवशी. सगळ्या साखळीत मध्यवर्ती बँकेच्या हातात पक्का असलेला भाग एवढाच. पुढचं सगळं दुसऱ्यांच्या निर्णयांवर चालतं.

लांब मुदतीचे दर कधीकधी याच्याही आधी हलतात. दहा वर्षांचा दर म्हणजे ढोबळमानाने पुढच्या दहा वर्षांत रात्रीचा दर सरासरी किती राहील याचा बाजाराने बांधलेला अंदाज, त्यावर थोडी जोखमीची भर. त्यामुळे मध्यवर्ती बँकेने नुसता सूर बदलला तरी तो दर चढतो. अमेरिकेत फेडरल रिझर्व्हने पहिली दरवाढ केली मार्च २०२२ मध्ये. पण तिथल्या तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर २०२१ च्या अखेरीस जो ३ टक्क्यांच्या आसपास होता, तो पहिल्या दरवाढीच्या आठवड्यातच ४ टक्क्यांच्या वर पोचला होता. फेडने पाव टक्का वाढवला तोवर बाजाराने एक टक्का वाढवून झाला होता.

आता बँकेच्या आत डोकावू. बँक कर्ज देते तो पैसा मुख्यतः ठेवीदारांचा असतो. बचत खात्यावरचं व्याज फारसं हलत नाही, आणि मुदत ठेवींवर जे कबूल केलंय ते मुदत संपेपर्यंत द्यावंच लागतं. म्हणजे दर वाढला तरी बँकेचा स्वतःचा खर्च ठेवी नूतनीकरणाला येतील तसतसा, हळूहळू वाढतो. कर्जावरचा दर मात्र बँकेला लगेच वाढवता येतो. म्हणून दर चढताना बँकांचा नफा काही काळ वाढतो, आणि दर उतरताना बँका कर्ज स्वस्त करायला चालढकल करतात, कारण तेव्हा जुन्या महाग ठेवी त्यांच्या गळ्यात असतात. ठेवीदार आणि कर्जदार दोघेही यावर वैतागतात, आणि दोघांचंही खरं असतं.

ही चालढकल भारताच्या रिझर्व्ह बँकेला बरीच वर्षं सतावत होती. बँका कर्जाचा दर स्वतःच्या अंतर्गत हिशेबाला जोडायच्या. तो हिशेब बाहेरच्यांना सहज तपासता येत नसे, आणि रेपो दरातली, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना थोड्या मुदतीचे पैसे देते त्यातली, कपात कर्जदारापर्यंत अर्धीमुर्धीच पोचायची. शेवटी १ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेने नियम केला की बँकांनी व्यक्तींना आणि लघुउद्योगांना दिलेली बदलत्या व्याजदराची नवी कर्जं बाहेरच्या एखाद्या दराला, उदाहरणार्थ रेपोला, जोडायची आणि निदान तीन महिन्यांतून एकदा तो बदल कर्जावर लागू करायचा. यातून पहिल्या टप्प्यावरची गळती बरीच कमी झाली. दर बदलला की कर्जाचा दर बदलतो, हे आता या कर्जांपुरतं जवळपास यांत्रिक झालंय.

पण कर्जाचा दर बदलणं म्हणजे हप्ता बदलणं नव्हे. स्लाइडवरचा दुसरा बाण नेमका इथे अडखळतो, आणि तो आकड्यांतच पाहायला हवा.

समजा कर्ज ३० लाखांचं, मुदत २० वर्षं, व्याज ७ टक्के. चलन कुठलंही धरा, गणित तेच. मासिक हप्ता येतो २३,२५९. पहिल्या महिन्याचं व्याज होतं १७,५००, म्हणजे हप्त्यातले जेमतेम ५,७५९ मुद्दलात जातात. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा तीन-चतुर्थांश भाग निव्वळ व्याज असतो, हे लक्षात ठेवा. पुढची सगळी गंमत याच्यात आहे.

आता कर्ज नवं असतानाच दर एक टक्क्याने वाढून ८ टक्के झाला. बँकेपुढे दोन रस्ते आहेत. पहिला, मुदत तीच ठेवून हप्ता वाढवायचा. तो होतो २५,०९३, म्हणजे महिन्याला १,८३४ जास्त. घरखर्चात ही कात्री लगेच जाणवते आणि स्लाइडवरचा बाण जसा काढलाय तसाच चालतो. दुसरा रस्ता, हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची. मग २४० हप्त्यांचे होतात सुमारे २९६. कर्ज वीस वर्षांऐवजी पावणेपंचवीस वर्षं चालतं. कर्जदाराच्या खात्यातून दरमहा तेवढीच रक्कम जाते. एखादा संदेश येतो, तो वाचलाही जात नाही. खर्चात कपात? शून्य.

दर दोन टक्क्यांनी वाढून ९ झाला तर? जुन्याच हप्त्यात मुदत जाते सुमारे ४५८ महिन्यांवर. अडतीस वर्षं! एका टक्क्याने पावणेपाच वर्षं वाढली, पुढच्या एका टक्क्याने आणखी तेरा-चौदा. कारण ९ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याजच २२,५०० होतं आणि मुद्दलाच्या वाट्याला ७५९ उरतात. आणि दर अडीच टक्क्यांनी वाढून साडेनऊ झाला, तर महिन्याचं व्याज २३,७५० होतं. हप्ता आहे २३,२५९. म्हणजे हप्ता भरूनही कर्ज दरमहा वाढत जातं, कधीच फिटत नाही. इथे मुदत वाढवण्याचा रस्ता संपतो. हप्ता वाढवावाच लागतो, आणि मूळ मुदतीत बसवायचा तर तो एकदम २७,९६४ होतो.

म्हणजे एकाच कर्जात सुरुवातीच्या दरवाढी खर्चाच्या बाजूने जवळपास निष्प्रभ ठरू शकतात आणि शेवटची एखादी वाढ एकदम मोठा धक्का देते. मधल्या काळात मध्यवर्ती बँक आकडेवारी बघत असते आणि मागणी का हलत नाही म्हणून आणखी दर वाढवते. पतधोरणात हात जड पडण्याचा धोका असा तयार होतो.

साडेनऊचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. मे २०२२ मध्ये रेपो दर ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा. नऊ-दहा महिन्यांत बरोबर अडीच टक्के. कितीतरी गृहकर्जांच्या मुदती न विचारता लांबल्या, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना सांगावं लागलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत की थोडं थोडं दोन्ही, हा पर्याय कर्जदाराला द्या, आणि मुदत वाढवताना हप्ता व्याजालाही अपुरा पडेल अशी वेळ येऊ देऊ नका. हा नियम ग्राहकसंरक्षणाचा म्हणून वाचला गेला, आणि तो तसा आहेच. पण माझ्या दृष्टीने तो पतधोरणाचाही नियम आहे. ज्याला हप्ता वाढवायचाय तो वाढवेल, म्हणजे दरवाढ त्याच्या खर्चापर्यंत पोचेल.

मग जुन्या कर्जदाराचा हप्ता हलला नाही तर दरवाढीचा परिणाम येतो तरी कुठून? मुख्यतः नव्या कर्जदाराकडून. तोच २३,२५९ चा हप्ता ज्याला झेपतो, त्याला ७ टक्क्यांनी ३० लाख मिळत होते. ९ टक्क्यांनी, तेवढ्याच मुदतीत, सुमारे २५ लाख ८५ हजार मिळतात. चार लाखांवर रक्कम हातातून गेली. तो छोटं घर बघतो, किंवा थांबतो. आणि एक घर विकलं गेलं नाही की त्यामागचे सिमेंट, रंग, फर्निचर, घर हलवण्याचा खर्च, सगळंच थांबतं. कारखानदाराचंही असंच. चालू उद्योगात व्याज वाढलं म्हणून तो उत्पादन लगेच थांबवत नाही, पण नवं यंत्र घेण्याचा बेत पुढच्या वर्षावर ढकलतो. दरवाढ आधी हे असे बेत मोडते. रोजच्या खर्चाला ती फार उशिरा हात लावते.

इथे एक शंका घेतली जाते आणि ती रास्त आहे. एकाने जास्त व्याज भरलं तर दुसऱ्याला ते मिळालंच ना? ठेवीदाराचं उत्पन्न वाढलं, मग एकूण खर्च कमी का व्हावा? होतो, कारण कर्जदार सहसा हातातोंडाशी गाठ असलेला असतो. त्याचे हजार गेले तर तो जवळपास हजारानेच खर्च कमी करतो. ठेवीदाराला हजार जास्त मिळाले तर तो बराचसा भाग पुन्हा ठेवीतच टाकतो. जिथे लोकांवर कर्ज कमी आणि ठेवी भरपूर, तिथे हा फरक बारीक होत जातो आणि दरवाढीची धारही बोथट होते.

कर्जाचा प्रकार किती फरक पाडतो हे २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत जगाने बघितलं. फेडने मार्च २०२२ मधल्या जवळपास शून्यावरून जुलै २०२३ पर्यंत दर सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांच्या पट्ट्यात नेला. एवढी वेगवान वाढ चाळीस वर्षांत झाली नव्हती. तरी बहुसंख्य गृहकर्जदारांचा हप्ता एका सेंटनेही वाढला नाही, कारण तिथलं नेहमीचं गृहकर्ज तीस वर्षं एकाच दराचं असतं. ज्यांनी ३ टक्क्यांनी कर्ज घेतलं होतं ते निवांत बसले. उलट एक विचित्र गोष्ट घडली. घर बदलायचं तर जुनं ३ टक्क्यांचं कर्ज सोडून नवं सात-पावणेआठ टक्क्यांचं घ्यावं लागणार, म्हणून लोकांनी घरं विकायलाच काढली नाहीत. गिऱ्हाइकं घटली, पण विक्रीला येणारी घरंही घटली, आणि घरांच्या किंमती अपेक्षेइतक्या उतरल्या नाहीत.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळं होतं. बँक ऑफ इंग्लंडने डिसेंबर २०२१ पासून लागोपाठ चौदा वेळा दर वाढवून ऑगस्ट २०२३ मध्ये तो सव्वापाच टक्क्यांवर नेला. तिथली बहुतेक गृहकर्जं दोन किंवा पाच वर्षांपुरती स्थिर दराची असतात, नंतर नव्या दराने करार करावा लागतो. त्यामुळे धक्का सगळ्यांना एकदम बसला नाही. ज्याची मुदत ज्या महिन्यात संपली, त्याला त्या महिन्यात बसला. मध्यवर्ती बँकेने दरवाढ थांबवल्यानंतरही लाखो घरांत हप्ते वाढतच राहिले. थांबलोय म्हणजे परिणाम थांबला असं समजणाऱ्यांना हे उदाहरण दाखवावं.

आता शेवटचा बाण, खर्च ते किंमती. मागणी घटली की दुकानदार दुसऱ्या दिवशी पाटी बदलत नाही. आधी माल पडून राहतो, मग पुढची मागणी कमी नोंदवली जाते, मग कारखान्यात जादा पाळी बंद होते, नवी भरती थांबते, आणि त्यानंतर कधीतरी पगारवाढीचा आग्रह सौम्य होतो. पगार आणि भाडी वर्षाच्या करारांनी बांधलेली असतात, ती करार संपल्यावरच हलतात. मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञाने या विलंबाला लांब आणि अनिश्चित म्हटलं होतं. दोन्ही विशेषणं महत्त्वाची आहेत. विलंब नुसता लांब असता तर मध्यवर्ती बँकांनी तेवढं आधी पाऊल उचललं असतं. पण तो दर वेळी वेगळा निघतो.

शिवाय सुरुवातीला आकडा उलट्या दिशेनेही जाऊ शकतो. ब्रिटनमधल्या महागाईच्या एका जुन्या निर्देशांकात, ज्याला तिथे आरपीआय म्हणतात, गृहकर्जावरचं व्याज मोजलं जातं. दर वाढवला की तो निर्देशांक त्याच कारणाने चढतो. औषधानेच ताप वाढल्यासारखं दिसतं. तिथला मुख्य निर्देशांक, सीपीआय, हे व्याज धरत नाही, म्हणून धोरणासाठी तोच बघतात. कुठल्याही देशाचा महागाईचा आकडा वाचताना घरखर्च त्यात कसा मोजलाय हे एकदा बघून ठेवावं.

आणि साखळीच्या बाहेरून येणाऱ्या गोष्टींवर दराचा इलाज नाही. अमेरिकेत महागाई जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर होती आणि पुढच्या जूनपर्यंत ३ टक्क्यांच्या आसपास आली. श्रेय सगळं दरवाढीचं मानायचा मोह होतो. पण त्याच काळात इंधनाचे भाव उतरले आणि करोनाकाळात तुटलेल्या पुरवठ्याच्या साखळ्या पुन्हा जुळल्या. दरवाढीचा वाटा त्यात नेमका किती, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. आणखी एक, महागाई उतरली याचा अर्थ किंमती उतरल्या असा होत नाही. त्या चढण्याचा वेग कमी झाला, एवढंच. शंभराचे एकशे नऊ झालेले असतात ते तसेच राहतात आणि पुढे एकशे बारा होतात.

दरबदल साखळीत कुठवर पोचलाय हे बाहेरून ओळखायचं असेल तर दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत: बँकांच्या नव्या कर्जांचा सरासरी दर आणि सगळ्या जुन्या, चालू कर्जांचा सरासरी दर. बऱ्याच मध्यवर्ती बँका हे दोन्ही प्रसिद्ध करतात, रिझर्व्ह बँकही करते. नव्या कर्जांचा दर आधी हलतो, जुन्यांचा मागून. दोन्हींमधलं अंतर वाढत असेल तर धक्का अजून वाटेत आहे. २०२२ पासूनच्या अडीच टक्क्यांच्या वाढीनंतर भारतात नव्या कर्जांचा सरासरी दर त्यातल्या निम्म्याहून बराच जास्त भाग चढला, जुन्या कर्जांचा मात्र निम्म्याहूनही कमी. काही जुनी कर्जं अजून अंतर्गत दरांना जोडलेली आहेत, काही स्थिर दराची आहेत. आणि ज्यांचा दर चढला त्यांतही किती जणांचा हप्ता चढला, ते या सरासरीत दिसत नाही.

दर उतरतानाही हाच प्रकार होतो, फक्त उलटा, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही म्हणून तो लपून राहतो. आपल्या त्याच ३० लाखांच्या कर्जावर दर ७ वरून ६ झाला तर हप्ता २१,४९३ पर्यंत खाली यायला हवा, म्हणजे महिन्याला १,७६६ हातात राहायला हवेत. पण अनेक बँका हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, आणि कर्ज २० वर्षांऐवजी सव्वासतरा वर्षांच्या आसपास फिटतं. कर्जदाराच्या दृष्टीने हे फायद्याचंच आहे, एकूण व्याज बरंच वाचतं. मध्यवर्ती बँकेने मात्र दर कमी केला होता तो लोकांनी या वर्षी खर्च करावा म्हणून, आणि वाचलेला पैसा त्या घरात येणार आहे कर्ज फिटल्यावर, सतराएक वर्षांनी.